फॅमिली फोटोत रुसलेलं पोर हसवायचं कसं, आणि एडिट केलेलं हसू विचित्र का दिसतं

घरातल्या कार्यक्रमाचा फोटो आला, सगळे छान आलेत आणि एक पोर तोंड वाकडं करून बसलंय. मग कोणीतरी तो फोटो मोबाईलच्या ॲपमध्ये टाकतं, स्माईलचा स्लायडर धरून पार टोकाला नेतं आणि पाच मिनिटांत फॅमिली ग्रुपवर पाठवून देतं. त्यावर आठ-दहा अंगठे येतात आणि आजी फोन करून विचारते, "अगं, हा आपला बाळ्या वाटत नाही गं, कोण आहे हा?"

एडिटिंगसाठी येणाऱ्या फोटोंत हे मी सारखं बघतो आणि चूक जवळपास प्रत्येक वेळी तीच असते. लोक तोंडापासून सुरुवात करतात. पण रुसवा तोंडात कमी आणि भुवयांत, हनुवटीत, डोळ्यांखाली जास्त असतो, तो तसाच ठेवून वर हसू लावलं की एकाच चेहऱ्यावर दोन मूड दिसतात. म्हणून इथे मुख्यतः क्रम सांगतोय, कारण टूल्स सगळ्यांना माहीत असतात. मी फोटोशॉपच्या हिशोबाने लिहितोय, दुसरं काही वापरत असाल तर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

उदाहरण एकच घेऊया. नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये आजीची पंचाहत्तरी, नऊ जण दोन ओळींत, पुढच्या ओळीत साडेसहा वर्षांचा नातू. नवा कुर्ता मानेला टोचतोय म्हणून रुसलेला. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, ओठांचे कोपरे खाली, हनुवटीवर बारीक खळगे. फोटो १२ बाय १८ इंचात प्रिंट करून आजीच्या हॉलमध्ये लावायचाय.

## १. मूळ फाईल मिळवा, व्हॉट्सॲपवरची नको

हे न करता लोक थेट सुरू करतात आणि मग विचारतात की चेहरा मेणासारखा का झाला.

हिशोब बघा. कॅमेऱ्याची मूळ फाईल ६००० बाय ४००० पिक्सेलची आहे. नऊ जणांच्या फोटोत या मुलाचा चेहरा रुंदीला साधारण ३७५ पिक्सेल येतो आणि तोंड सव्वाशेच्या आसपास. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे चेहरा १०० पिक्सेल आणि तोंड तेहेतीस-चौतीस. एवढ्याशा तोंडात ओठांचा कोपरा नक्की कुठे संपतो तेच दिसत नाही तर तो उचलणार कसा. म्हणून फोटोग्राफरला सांगा की ड्राईव्हवर टाक किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि एकच फोटो मागू नका, त्या ग्रुपचे जेवढे क्लिक केले तेवढे सगळे मागा, त्याने बाद केलेले सुद्धा. ते का, ते पुढच्या टप्प्यात येतंय.

चेक: फाईल उघडून १०० टक्के झूमवर मुलाच्या पापण्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे स्पष्ट दिसतायत का? नसतील दिसत तर हसवायच्या भानगडीत पडू नका, फार तर भुवया थोड्या सैल करा आणि सोडून द्या.

## २. खरं हसू दुसऱ्या फ्रेममध्ये आहे का ते बघा

ग्रुप फोटोचा एकच क्लिक कुठलाच फोटोग्राफर घेत नाही. सात-आठ तरी असतात, आणि त्यातल्या एखाद्यात पोर हसलेलं असतं पण त्यात काकांचे डोळे मिटलेले म्हणून तो बाद झालेला असतो. तो फ्रेम सोनं आहे. त्यातलं डोकं उचलून चांगल्या फोटोत बसवायचं, हसू खरं असल्यामुळे पुढची अर्धी डोकेदुखी तिथेच संपते. खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक कामांत इथपर्यंतच काम असतं, पुढचं काही लागतच नाही.

कसं करायचं: बाकीचे लोक ज्यात सगळ्यात चांगले आलेत तो फोटो खाली ठेवा, मुलाच्या हसऱ्या फ्रेमचा लेयर त्यावर टाका, दोन्ही सिलेक्ट करून `Edit > Auto-Align Layers` चालवा. वरच्या लेयरला काळा मास्क लावा आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त मुलाचं डोकं उघडा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे लोक फक्त चेहरा उचलतात, कान आणि मान जुन्याच ठेवतात. मूल हसताना डोकं थोडं तरी हलवतं, त्यामुळे नवा चेहरा जुन्या मानेवर तिरका बसतो. डोकं, कान, मान असं सगळं कॉलरपर्यंत घ्या आणि मास्कची कड केसांच्या बाहेरून आणि कॉलरच्या शिवणीवरून न्या, तिथे जोड लपतो. दुसरं म्हणजे फ्लॅश. भराभर क्लिक करताना एखाद्या फ्रेमला फ्लॅश चार्ज झालेला नसतो, तो फ्रेम पिवळट आणि अंधारा येतो. अशा वेळी नुसता ब्राईटनेस वाढवून भागत नाही. नाकाखालची सावली दोन्ही फोटोंत एकाच दिशेला पडलीये का ते बघा, नसेल तर तो फ्रेम सोडा.

सावधान: मागच्या दिवाळीतला हसरा चेहरा यात बसवू नका. प्रकाश वेगळा, केस वेगळे, आणि या वयात सहा महिन्यांत दात सुद्धा वेगळे असतात. मोबाईलच्या मोशन फोटोतून फ्रेम काढणार असाल तर ते बऱ्याचदा कमी रिझोल्यूशनचं निघतं, मग नऊ जणांत एकटं पोर धुरकट दिसतं.

आपल्या उदाहरणात समजा सगळ्या फ्रेममध्ये पोर तसंच रुसून बसलंय. मग पुढे चला.

## ३. रुसवा नीट बघून घ्या

हात लावायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा की हा रुसवा आहे कसला, कारण प्रत्येकाचं काम वेगळं.

उपवनला तलावाकाठी दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत पोरं रुसलेली नसतात, डोळ्यावर ऊन आलेलं असतं. तिथे ओठ ठीकच असतात, फक्त कपाळाचं काम. दुसरा प्रकार म्हणजे आपल्या उदाहरणातला, ओठ मिटून, हनुवटी वर ढकलून केलेला फुगा. हा बदलता येतो. तिसरा, रडून झालेलं किंवा रडायच्या बेतात असलेलं पोर, डोळ्यांत पाणी, नाक लाल, तोंड उघडं. त्याला हसवू नका, ओल्या डोळ्यांवर हसू लावलं की अंगावर काटा येतो आणि कितीही मेहनत घेतली तरी येतो. चेहरा बाजूला वळलेला असेल, तोंडावर हात किंवा केस असतील तरीही सोडा.

चेहऱ्याखाली सुद्धा बघा. मुठी आवळल्यात का, खांदे कानापर्यंत चढलेत का, हाताची घडी घातलीये का? तसं असेल तर मोठं हसू त्या शरीराला शोभणार नाही. आपल्या नातवाचा एक हात आजीच्या मांडीवर सैल आहे, खांदे थोडे वर आहेत. म्हणजे याला हलकं, मिटल्या ओठांचं हसू चालेल, खळखळून हसणारा चेहरा नाही चालणार.

## ४. लेयर लावून घ्या

लॅसोने मुलाचं डोकं आणि मान ढिली सिलेक्ट करा, आजूबाजूचं थोडं बॅकग्राउंड येऊ द्या, `Ctrl+J` दाबून वेगळा लेयर करा आणि त्याला `Convert to Smart Object` करा. यामुळे लिक्विफाय, म्हणजे चेहऱ्याचे भाग सरकवून आकार बदलायचा फिल्टर, नंतर परत उघडून बदलता येतो. दुसरा फायदा असा की नऊ चेहऱ्यांच्या गर्दीत छोटा चेहरा कधीकधी सॉफ्टवेअरला सापडत नाही, एकटं डोकं समोर आलं की सापडतो.

आता एक नियम, आणि बहुतेकांचं इथेच फसतं: आधी सगळा आकार बदलायचा, सावल्या आणि सुरकुत्या सगळ्यात शेवटी. लोक आधी कपाळावरची आठी हीलिंग ब्रशने पुसतात, मग भुवई सरकवतात, आणि पुसलेला पॅच भलतीकडेच राहतो. मग तो झाकायला अजून एक पॅच, असं करत कपाळ प्लास्टिकचं होतं.

## ५. पहिले रुसवा काढा, हसवणं नंतर

`Filter > Liquify` उघडा. ओठांना अजून हात लावायचा नाहीये.

भुवया. रागात भुवयांची आतली टोकं खाली आणि एकमेकांकडे ओढली जातात. आपल्याला ती उलट न्यायचीत, थोडी वर आणि थोडी बाहेर. आधी `Freeze Mask` ने दोन्ही डोळे झाका, नाहीतर भुवईबरोबर वरची पापणी ताणली जाते आणि पोर दचकल्यासारखं दिसतं. मग `Forward Warp` चा ब्रश अर्ध्या भुवईएवढा घ्या, प्रेशर २० च्या आसपास, आणि आतलं टोक दोन-तीन पिक्सेल वर, एक-दोन पिक्सेल बाहेर. भुवईचं बाहेरचं टोक जिथे आहे तिथेच राहू द्या, अख्खी भुवई उचलली की रागाच्या जागी आश्चर्य येतं.

हनुवटी. याकडे कोणी बघतच नाही. मूल फुगून बसतं तेव्हा हनुवटीचा स्नायू आवळतो, हनुवटी वर चढते, खालचा ओठ वर आणि बाहेर ढकलला जातो, त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. हे तसंच ठेवून ओठांचे कोपरे उचलले की चेहरा "रडू आवरतंय बिचारं" असा दिसतो. मोठा मऊ ब्रश घ्या, हनुवटीचा फुगवटा दोन पिक्सेल खाली, खालचा ओठ एक-दोन पिक्सेल खाली. खळगे आत्ता पुसू नका, ते शेवटी.

चेक: आता ओके करा आणि अख्खा फोटो स्क्रीनवर मावेल एवढा करून बघा. पोर रुसलेलं दिसतंय का अजून? खूपदा इथेच ते शांत, जरासं विचारात असलेलं वाटायला लागतं आणि घरच्यांना तेवढं पुरतं. आई-वडिलांना हाच टप्पा पाठवून विचारा. ते हो म्हणाले तर ओठांना हातच लावू नका, आठव्या टप्प्यावर जा.

## ६. ओठांचे कोपरे

आपल्या केसमध्ये घरच्यांना थोडं हसू हवंच आहे. लिक्विफाय परत उघडा, फेस टूल घ्या.

`Smile` चा स्लायडर १५ च्या आसपास ठेवा, फार तर २०. तुमच्या फोटोत आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण पन्नास-साठवर गेलात तर समजा भरकटलात. हा स्लायडर करतो काय, तर ओठांची रेघ वाकवतो आणि कोपरे वर नेतो. खरं हसताना ओठ नुसते वर जात नाहीत, गालाच्या हाडाकडे तिरके ओढले जातात, म्हणजे वर आणि बाहेर. म्हणून `Mouth Width` पाच-सहाने वाढवा. आणि ओठ ताणले की पातळ होतात, त्यामुळे `Upper Lip` थोडा कमी करा. जाड ओठ तसेच ठेवून वाकवले तर कार्टूनमधल्या जोकरसारखं दिसतं ते यामुळेच.

किती उचललं ते मोजून बघा. तोंड सव्वाशे पिक्सेलचं, कोपरा पाच-सहा पिक्सेल वर गेला की बास. १२ बाय १८ च्या प्रिंटवर एका इंचात ३३३ पिक्सेल येतात, म्हणजे कागदावर हा बदल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी आहे आणि तरी तो समोरच्या सोफ्यावरून कळतो. माणसाची नजर चेहऱ्याच्या बाबतीत एवढी तिखट असते, आणि ४०० टक्के झूम करून काम करणाऱ्याला हेच लक्षात येत नाही, त्याला सहा पिक्सेल म्हणजे काहीच केलं नाही असं वाटतं आणि तो वीस सरकवतो. झूम १०० वर ठेवा.

दोन्ही कोपरे अगदी सारखे करू नका. कोणाचंच हसू दोन्हीकडे सारखं नसतं. मुलाचे दुसरे हसरे फोटो घरच्यांकडून मागून घ्या, चिकटवायला नकोत, नुसते बघायला. कुठला कोपरा आधी वर जातो, खळी पडते का, डोळे किती बारीक होतात. आपल्या नातवाचा डावा कोपरा जास्त वर जायचा, तर डावीकडे वार्पने एक पिक्सेल अजून.

सावधान: डोक्यामागे दाराची चौकट, टाईल्सची रेघ किंवा आजीच्या साडीचा काठ असेल तर तो वाकला नाही ना ते बघा. वाकला असेल तर या लेयरला मास्क लावून कडेचं बॅकग्राउंड झाकून टाका, खालचं मूळ दिसेल.

## दात दाखवायचा मोह टाळा

साडेसहाव्या वर्षी पोरांचे पुढचे दात पडायला लागलेले असतात. बहुतेक वेळा खालचे मधले दोन आधी जातात, मग वरचे, आणि नवीन येतात ते शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा रुंद आणि थोडे पिवळसर असतात. फट, अर्धा आलेला दात, एक वाकडा, असं सगळं असतं. एआयवालं टूल किंवा मोबाईल ॲप तोंड उघडून हसवतं तेव्हा त्याला या पोराच्या तोंडात काय आहे ते माहीतच नसतं, ते आपलं एक सरळ, पांढरं, भरगच्च मोठ्या माणसाचं दातांचं कवच ठोकून देतं. आजीने मागच्याच आठवड्यात तो पडलेला दात हातात घेतलेला असतो, तिला ते पहिल्या नजरेत खटकणारच.

अशा टूल्सचा दुसरा घोळ असा की ती फक्त ओठ हलवत नाहीत, चेहऱ्याचा तो भाग नव्याने बनवतात. नाकाची रुंदी, गालाचा आकार, तीळ, सगळं थोडं थोडं सरकतं आणि हसणारं पोर दिसतं, पण ते शेजारच्यांचं. वापरायचंच असेल तर निकाल वेगळ्या लेयरवर घ्या, मूळच्या वर ठेवून अपारदर्शकता ५० टक्के करा आणि नाक, कान, दोन डोळ्यांमधलं अंतर जागेवर आहे का ते बघा. दोन नाकं दिसली तर डिलीट. आणि यातली बरीच टूल्स फोटो त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात, लहान मुलाचा चेहरा आहे, तर आई-वडिलांना विचारल्याशिवाय टाकू नका.

## ७. गाल आणि खालची पापणी, म्हणजे खरी परीक्षा

इथपर्यंत येऊन फोटो बघितलात तर हसू थोडं खोटं वाटेल. वाटायलाच हवं, कारण ओठ हसतायत आणि डोळे अजून कुर्त्यावर चिडलेत.

ही गोष्ट फार जुनी आहे. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचे हलके झटके देऊन फोटो काढले आणि १८६२ मध्ये ते छापले. फक्त ओठ ओढणारा स्नायू चालवला की हसू खोटं वाटतं आणि डोळ्याभोवतीचा स्नायू आवळला की ते मनापासूनचं वाटतं, हे त्याने दाखवलं. स्लायडर हेच करतो, ओठ ओढतो आणि डोळे तसेच सोडतो. आपण ती अर्धी राहिलेली गोष्ट हाताने पूर्ण करायची.

खरं हसताना गाल वर चढतो, तो खालच्या पापणीला खालून ढकलतो, पापणी थोडी वर येते आणि तिच्याखाली छोटा फुगवटा दिसतो. तर आधी बुबुळ `Freeze Mask` ने झाका, हे विसरू नका, बुबुळ जरा जरी लांबट झालं किंवा त्यातला चमकणारा ठिपका सरकला की पोर भुताटकीतलं वाटतं. मग गालाएवढा मोठा मऊ ब्रश घेऊन गाल तीन-चार पिक्सेल वर आणि किंचित बाहेर. नंतर छोट्या ब्रशने खालची पापणी मधून एक-दोन पिक्सेल वर. वरची पापणी तशीच. `Eye Height` चा स्लायडर वापरू नका, तो वरून-खालून दोन्हीकडून डोळा बारीक करतो आणि पोर झोपेला आल्यासारखं दिसतं.

आता नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी. मोठ्यांच्या चेहऱ्यावर ती रेघ असते, लहान मुलांच्या गुबगुबीत गालावर ती फक्त एक मऊ सावली असते. तिथे कोणी धारदार रेघ काढली की सहा वर्षांच्या पोराला चाळिशी लागते.

## ८. सावल्या आणि पोत

आकार पक्का झाला, आता ब्रश काढा. नवीन रिकामा लेयर, हीलिंग ब्रश, `Sample: All Layers`. दोन भुवयांमधली आठी आणि हनुवटीवरचे खळगे पुसा, आणि मग त्या लेयरची अपारदर्शकता साठ-सत्तर टक्क्यांवर आणा. पूर्ण पुसलेली त्वचा लगेच ओळखू येते, थोडी खूण राहिलेली बरी.

मग सावली. गाल वर चढला म्हणजे त्याच्यावर पडणारा प्रकाशही वर सरकायला हवा, लोक आकार बदलतात आणि उजेड जुन्याच जागी ठेवतात. दोन कर्व्हज लेयर घ्या, एक किंचित उजळ, एक किंचित गडद, दोन्हींचे मास्क काळे करा आणि अगदी कमी फ्लोच्या मऊ ब्रशने गालाच्या वरच्या भागावर उजेड आणि ओठांच्या कोपऱ्यात टिकलीएवढी सावली द्या. नातवाच्या फोटोत प्रकाश डावीकडून होता, म्हणून उजव्या कोपऱ्याची सावली थोडी जास्त.

शेवटी पोत. लिक्विफायने जिथे ताणलं तिथे कॅमेऱ्याचे दाणे पसरट होतात. बाजूला बसलेल्या ताईच्या गालाशी तुलना करा, मुलाचा गाल जास्त गुळगुळीत वाटत असेल तर त्या जागी अगदी थोडा नॉईज टाका.

## सगळं बरोबर करूनही विचित्र का वाटतं

कारण आपण चेहरा तुकड्यातुकड्याने बघत नाही, एकदम अख्खा बघतो. डोळे, तोंड, भुवया यांचं एकमेकांशी जमतंय का हे डोकं आपोआप तपासतं आणि कुठे बिघडलंय ते सांगता आलं नाही तरी बिघडलंय हे कळतं. १९८० मध्ये पीटर थॉम्पसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मार्गारेट थॅचरच्या फोटोत डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. अख्खा फोटो उलटा धरला तर फारसं काही वाटत नाही, सरळ केला की दचकायला होतं. याचा आपल्याला सरळ फायदा असा की काम तपासायला फोटो वरचा खाली करून बघू नका, उलट्या चेहऱ्यात हावभावाची चूक लपते. आरशासारखा डावा-उजवा फिरवून बघा, त्यात चूक उघडी पडते.

दुसरं, जवळजवळ माणसासारखं पण पूर्ण नाही अशा चेहऱ्याने अस्वस्थ वाटतं, हे मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकाने १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल लिहिलं होतं. म्हणून हास्यास्पद स्टिकरवालं मोठं हसू कोणाला खुपत नाही, ते उघड खोटं असतं. त्रास होतो तो नव्वद टक्के खऱ्या दिसणाऱ्या हसण्याचा. एडिट करताना हसू अजून वाढवून हा त्रास जात नाही, कमी करून जातो.

आणि तिसरं म्हणजे बघणारे घरचे आहेत. अनोळखी माणसाला हा फोटो ठीक वाटेल, पण त्या पोराला रोज डबा भरून देणाऱ्या आईला त्याचं हसू पाठ असतं.

## ९. तपासणी

तासभर त्याच चेहऱ्याकडे बघितलं की डोळे सरावतात आणि चुकीचंच नॉर्मल वाटायला लागतं, म्हणून लगेच फायनल करू नका, रात्री केलं असेल तर सकाळी बघा. मग हे करा:

- हाताने मुलाचं तोंड झाका आणि फक्त डोळे बघा. डोळे शांत किंवा हसरे वाटले पाहिजेत. चिडलेले वाटले तर सातव्या टप्प्यावर परत, किंवा ओठांचं हसू कमी करा.
- आता डोळे झाकून फक्त तोंड आणि हनुवटी बघा. रडू आवरल्यासारखं वाटतंय का?
- फोटो अंगठ्याएवढा लहान करा. नऊ जणांत नजर थेट या पोरावरच जात असेल तर हसू जास्त झालंय.
- मुलाला ओळखणाऱ्या आणि एडिटचं काहीच माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि "कसा आलाय फोटो?" एवढंच विचारा. "बाळ्याचं हसू बघ" असं सांगून दाखवलंत तर तपासणीच संपली.

नातवाच्या फोटोत पहिल्या तपासणीत डोळे ओठांच्या मागे पडत होते. गाल अजून चढवायच्या ऐवजी `Smile` १५ वरून ११ वर आणला आणि जमलं. बहुतेक वेळा उपाय हाच असतो.

## १०. प्रिंट आणि फाईल

मोठी प्रिंट टाकायच्या आधी फायनल साईझच्या फोटोतला मुलाच्या भोवतीचा ४ बाय ६ इंचाचा तुकडा क्रॉप करा, साईझ बदलू नका, आणि तेवढाच जवळच्या लॅबमधून काढून आणा. गोखले रोडला, वाशीला, कुठेही हे लगेच मिळतं आणि मोठ्या प्रिंटच्या मानाने खर्च काहीच नाही. तो तुकडा भिंतीवर चिकटवून चार पावलं मागून बघा, स्क्रीनवर न दिसलेली हनुवटीवरची पॅचची कड तिथे दिसते.

पीएसडी लेयरसकट ठेवा, कारण "थोडं अजून हसव ना" किंवा "नको, आधीचाच बरा होता" यातलं एक तरी येणारच. एडिट केलेल्या फाईलच्या नावात "एडिट" असं लिहा आणि मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये घरच्यांना द्या. माझं विचाराल तर अल्बममध्ये रुसलेलाच लावा, भिंतीवर हसरा. कुर्ता टोचत होता म्हणून फुगलेलं पोर दहा वर्षांनी सगळ्यांना जास्त आवडतं, फक्त आजीला आत्ता ते पटत नाही आणि वाढदिवस तिचा आहे.